३० महिने, पण कधीपासून?

पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला बिल्डरच्या वकिलाची ईमेल येते. ‘सुधारित मसुदा सोबत जोडला आहे. सर्व बदल ट्रॅक मोडमध्ये असून आवश्यक तिथे कमेंट टाकल्या आहेत. लवकर कळवावे.’ फाइल उघडली की पानभर रंगीत खुणा दिसतात. कुठे शब्द खोडलेले, कुठे नवे अधोरेखित, उजव्या समासात कमेंटचे चौकोन. सोसायटीच्या वकिलाचा निरोप येतो, ‘मी बघतोच, तोवर सभासदांसाठी काय काय बदललंय ते एका पानात लिहून ठेवा.’ कमिटीतला निवृत्त बँक अधिकारी किंवा इंग्रजी बरे असलेली एखादी सभासद हे काम अंगावर घेते. बहुतेक वेळा त्या एका पानावर विसंबूनच चाळीस कुटुंबे हात वर करतात.

हे पान नीट कसे लिहावे, हा या लेखाचा विषय. त्यासाठी एक सोसायटी डोळ्यांसमोर ठेवू. सोसायटी कल्पित आहे, पण तिच्या मसुद्यातले बदल अशा करारांत सर्रास भेटणारे आहेत. मुंबईच्या उपनगरातली इमारत, ४० सभासद, करार इंग्रजीत, परिशिष्टे धरून ६० पानांचा. सोसायटीने आपल्या दुरुस्त्या घालून मसुदा पाठवला होता, तो आता बिल्डरकडून परत आला आहे. वाक्ये मी इथे मराठीत देतो.

पहिला प्रश्न असा, की तुलना नक्की कोणत्या दोन फाइलींची करायची? उत्तर वाटते तितके उघड नसते. अशा व्यवहारात फाइलींची नावे ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल क्लीन’ अशी वाढत जातात आणि वकील, कमिटी, पीएमसी म्हणजे प्रकल्प सल्लागार, यांच्या संगणकांवर वेगवेगळ्या प्रती पडून असतात. तुलनेचा पाया एकच असू शकतो, तो म्हणजे आपण समोरच्याला शेवटी पाठवलेली फाइल. ती ईमेलच्या ‘सेंट’ फोल्डरमधून उतरवून घ्यावी. संगणकावर सेव्ह केलेल्या प्रतीत पाठवल्यानंतरही कुणीतरी दोन शब्द टाकलेले असू शकतात. मोबाइलवर व्हॉट्सअॅपमधून उघडलेली फाइल तर या कामाला चालतच नाही. तिथे बदल आणि कमेंट कधी दिसतात, कधी दिसत नाहीत, आणि दिसत नाहीत हेही कळत नाही.

संगणकावर वर्डमध्ये फाइल उघडली तरी पहिल्या नजरेला सगळे दिसेल असे नाही. `Review` या टॅबखाली बदल दाखवण्याचे चार पर्याय असतात. `Simple Markup` निवडलेले असेल तर मजकूर स्वच्छ दिसतो आणि बदल झालेल्या ओळीशेजारी समासात फक्त एक उभी रेघ येते. `No Markup` असेल तर तीही नाही. बदल फाइलमध्ये असतात, फक्त झाकलेले असतात. `Original` निवडले की बदल होण्यापूर्वीचा मजकूर दिसतो. काम सुरू करताना `All Markup` निवडावे. एक बारीक सवय आणखी लावून घ्यावी. सारांशात कधीही ‘लाल रंगातला बदल’ असे लिहू नये. वर्ड प्रत्येक लेखकाला आपणहून रंग देते आणि तीच फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की रंग बदलू शकतात. तुमचा लाल तो वकिलाचा निळा असतो. बदल कुणी केला ते त्याच्यावर माउस नेल्यावर दिसणाऱ्या नावावरून ठरते, आणि तिथे नुसते `Author` असे दिसले तर समजावे की नावे पुसून फाइल पाठवली आहे. वकिलांच्या कचेऱ्यांत हे नेहमीचे आहे, त्यात दर वेळी काळेबेरे शोधू नये.

आता मुख्य गोष्ट. ट्रॅक मोड ही खुणा ठेवण्याची सोय आहे, पुरावा नव्हे. ती ज्याच्या हातात फाइल आहे त्याला बंद करता येते, एक आकडा बदलता येतो आणि पुन्हा चालू करता येते. पण मुद्दाम केलेल्या लबाडीपेक्षा अधिक वेळा घडणारी गोष्ट वेगळीच असते. आपण मसुद्यात एक वाक्य ट्रॅक मोडमध्ये घातले, समोरच्याने त्यावर उजवे क्लिक करून `Reject` केले, की ते वाक्य फाइलमधून निघून जाते. खोडलेले दिसत नाही, रंगीत दिसत नाही. स्वीकारणे आणि नाकारणे या कृतींची खूण वर्ड ठेवत नाही. त्याने तेच वाक्य निवडून डिलीट केले असते तर त्यावर काट दिसली असती.

आपल्या उदाहरणात नेमके हेच झाले आहे. बँक हमीच्या कलमात सोसायटीने एक वाक्य घातले होते, ‘ही हमी भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर आणखी ३ महिने चालू राहील.’ परत आलेल्या फाइलमध्ये ते वाक्य नाही आणि त्या परिच्छेदावर एकही खूण नाही. फक्त खुणा वाचत जाणाऱ्याला हे कलम जसेच्या तसे राहिले आहे असे वाटेल. आपण काय मागितले होते ते ज्याला पाठ आहे त्यालाच उणीव जाणवेल, आणि ६० पाने कुणाला पाठ असतात!

म्हणून समोरच्याच्या खुणांवर न थांबता स्वतःची तुलना करायची. वर्डमध्ये `Review` खाली `Compare` आहे. त्यात मूळ फाइल म्हणून आपण पाठवलेली प्रत द्यायची, सुधारित म्हणून आलेली प्रत द्यायची. दोहोंत ट्रॅक केलेले बदल असतील तर वर्ड सांगते की ते सगळे स्वीकारले आहेत असे धरून तुलना करतो, चालेल का? चालेल म्हणायचे, कारण आपल्याला तेच हवे आहे: आपला प्रस्ताव पूर्ण धरला तर, आणि त्यांचा प्रस्ताव पूर्ण धरला तर, फरक काय? तिसरी फाइल तयार होते. वकील हिला रेडलाइन म्हणतात. तुलनेच्या खिडकीत `More` दाबले की फॉर्मॅटिंगची खूणगाठ काढता येते. ती काढावी, नाहीतर अक्षराचा आकार बदलल्याच्या शेकडो नोंदींत खरे बदल हरवतात.

मग दोन फाइली शेजारी ठेवायच्या. एक त्यांच्या खुणांची, एक आपल्या तुलनेची. जो बदल आपल्या तुलनेत आहे पण त्यांच्या खुणांत नाही, तो मूक बदल. आपल्या उदाहरणात असे दोन निघतात. एक, बँक हमीचे गायब झालेले वाक्य. दुसरा परिशिष्टात, सदनिकांच्या चटई क्षेत्राच्या तक्त्यात. दोन सदनिकांपुढे ६१२ चौरस फुटांऐवजी ६०२ आले आहे. याचे कारण बहुधा इतकेच असेल, की आर्किटेक्टकडून नवा तक्ता आला आणि कुणीतरी ट्रॅक मोड बंद असताना तो जुन्याच्या जागी चिकटवला. कदाचित ६०२ हाच बरोबर आकडा असेल. सारांशात मात्र तो यायलाच हवा, आणि त्यापुढे फक्त एवढेच लिहावे, ‘हा बदल खुणेविना आला आहे, खुलासा मागवावा.’ ‘बिल्डरने लपवून क्षेत्र कमी केले’ असे वाक्य सारांशात लिहिणारा माणूस पुढच्या बैठकीत सगळ्या कमिटीची अडचण करून ठेवतो.

तुलनेलाही मर्यादा आहेत. चित्र म्हणून घातलेला नकाशा बदलला तर आत कोणती भिंत सरकली हे वर्ड सांगू शकत नाही. तो दोन कागद खिडकीच्या काचेवर धरूनच बघावा लागतो. एखादा परिच्छेद एका कलमातून उचलून दुसरीकडे ठेवला तर तुलनेत बरेचदा एकीकडे काट आणि दुसरीकडे नवा मजकूर असे दिसते. वाचणाऱ्याला वाटते की जुनी अट गेली आणि नवी आली, प्रत्यक्षात शब्दही बदललेला नसतो. आणि एक दोष असा आहे की तो ट्रॅक मोडला दिसत नाही आणि तुलनेलाही दिसत नाही. तो कलमांच्या क्रमांकांचा.

बिल्डरने अनिवार्य परिस्थितीचे, म्हणजे भूकंप, महापूर, सरकारी मनाई अशा कारणांनी मुदत वाढण्याचे, एक नवे कलम ९ घातले आहे. वकिली बोलीत त्याला ‘फोर्स मेज्युअर’ म्हणतात. क्रमांक आपोआप पडत असल्याने पुढची सगळी कलमे एकेकाने सरकली. भाड्याचे ११ होते ते १२ झाले, बँक हमीचे १४ होते ते १५ झाले. पण करार मोडल्यास काय करायचे ते सांगणाऱ्या कलमात कुणीतरी हाताने टाइप केले होते, ‘सोसायटीला कलम १४ नुसार हमीची रक्कम मागता येईल.’ ते वाक्य तसेच आहे. एक अक्षर बदललेले नाही, म्हणून खूण नाही. आता कलम १४ मध्ये आहे पार्किंग. कायद्याच्या दृष्टीने ही सुधारता येण्याजोगी चूक असेलही, पण तिचा अर्थ लावायची वेळ येते ती प्रकल्प अडकल्यावर, दोन्ही बाजू वकिलांमार्फतच बोलू लागल्यावर. हा दोष शोधायचा एकच मार्ग आहे. मसुद्यात ‘कलम’ या शब्दाचा शोध घ्यायचा, इंग्रजीत असेल तर `clause`, आणि प्रत्येक उल्लेख योग्य जागी जातो का ते एकेक करून पाहायचे. तासाभराचे कंटाळवाणे काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

याचसाठी सारांशात प्रत्येक नोंदीपुढे जुना आणि नवा असे दोन्ही क्रमांक लिहावेत. नाहीतर सभेत अर्धे सभासद जुन्या प्रतीतले कलम १२ उघडून बसतात आणि अर्धे नव्या, आणि वाद भलत्याच गोष्टीवर होतो.

आता कमेंटकडे वळू. सारांश लिहिणारे बहुतेक लोक घाईत असले की मजकुराऐवजी कमेंट वाचतात, कारण कमेंट साध्या भाषेत असते आणि कलम नसते. हा मोह टाळावा. कमेंट म्हणजे समोरच्याचे म्हणणे. ती कधी कारण सांगते, कधी प्रश्न विचारते, कधी आश्वासन देते. ती करारात राहत नाही. अंतिम प्रत काढताना सगळ्या कमेंट पुसल्या जातात, आणि अशा करारांच्या शेवटी बहुधा एक कलम असतेच, की आधीच्या सर्व चर्चा आणि पत्रव्यवहार यांची जागा आता हा करार घेत आहे. पार्किंगच्या कलमाशेजारी बिल्डरच्या वकिलाने लिहिले आहे, ‘प्रत्येक सभासदाला एक जागा देण्यास आमची हरकत नाही.’ कलमात मात्र मजकूर तोच आहे, ‘उपलब्धतेनुसार.’ सभेत कुणी विचारले की पार्किंगचे काय, तर ‘मान्य केलंय’ हे उत्तर चुकीचे आहे. सारांशात लिहायचे ते असे, ‘कमेंटमध्ये होकार, मजकुरात बदल नाही, वाक्य घालून मागावे.’

उलटही घडते. सोसायटीने विचारलेल्या प्रश्नाच्या कमेंटवर कुणीतरी `Resolve` दाबून ठेवलेले असते. मग ती समासातून नाहीशी होते, पण कमेंटच्या यादीत असते. ती यादी उघडून प्रत्येक प्रश्नाला उत्तर मिळाले आहे का, आणि उत्तराप्रमाणे मजकूर बदलला आहे का, या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्यात. आपण मागितले आणि त्यांनी काहीच केले नाही, हीही सारांशातली बातमी असते. रंगीत खुणा पाहत जाणाऱ्याला ती कधीच सापडत नाही, कारण जे घडले नाही त्याची खूण नसते.

आता या मसुद्यातली सगळ्यात महागडी जागा पाहू. ती दोन खुणांमध्ये आहे आणि त्या दोन खुणांच्या मध्ये दहा-बारा पाने आहेत.

पहिली कलम ६ मध्ये. आधी होते, ‘सभासदांनी इमारत रिकामी करून दिल्यापासून ३० महिन्यांत बांधकाम पूर्ण करावे.’ आता ‘इमारत रिकामी करून दिल्यापासून’ खोडून तिथे ‘प्रारंभ प्रमाणपत्र मिळाल्यापासून’ असे घातले आहे. प्रारंभ प्रमाणपत्र म्हणजे सीसी, महापालिकेची बांधकाम सुरू करण्याची परवानगी. शेजारी कमेंट आहे, ‘परवानगीशिवाय काम सुरू करता येत नाही, म्हणून मुदत तिथून मोजावी.’ हे कारण अगदीच गैरवाजवी म्हणता येणार नाही.

दुसरी भाड्याच्या कलमात, जुने ११, नवे १२. आधी होते, ‘इमारत रिकामी केल्यापासून नव्या सदनिकेचा ताबा मिळेपर्यंत भाडे देण्यात येईल.’ आता ‘ताबा मिळेपर्यंत’च्या जागी ‘३० महिने’ असे आहे. कमेंट म्हणते, ‘भाड्याचा कालावधी कलम ६ मधील ३० महिन्यांच्या मुदतीशी जुळवून घेतला आहे.’

कमेंट वाचून समाधान होते. इकडे ३०, तिकडे ३०, जुळले. पण कलम ६ मधले ३० महिने सीसीपासून मोजायचे आहेत आणि भाड्याचे ३० महिने घर रिकामे केल्यापासून. घरे रिकामी झाली, इमारत पाडली आणि सीसी पाचव्या महिन्याअखेरीस हातात आली असे धरू. बिल्डरला बांधकाम पूर्ण करायला रिकामे केल्यापासून ३५ महिने मिळतात. भाडे ३० व्या महिन्याला थांबते. मधले ५ महिने सभासद भाड्याच्या घरात स्वतःच्या पैशाने राहतात, आणि बिल्डरने मात्र एकही अट मोडलेली नसते. त्यामुळे उशिराचा दंडही लागू होत नाही.

पैशात बोलायचे तर, हिशेब सोपा राहावा म्हणून सगळ्यांचे भाडे सारखे धरू. पहिल्या वर्षी महिना ३५,००० रुपये, दर वर्षी १० टक्के वाढ. म्हणजे दुसऱ्या वर्षी ३८,५०० आणि तिसऱ्या वर्षी ४२,३५०. ३१ ते ३५ हे महिने तिसऱ्या वर्षातले, म्हणून पाच महिन्यांचे २,११,७५० रुपये एका सभासदाचे. ४० सभासदांचे मिळून ८४,७०,००० रुपये. सीसी पाचऐवजी आठ महिन्यांनी आली तर अंतर आणखी वाढते आणि शेवटचे दोन महिने चौथ्या वर्षाच्या दरात जातात. हे सगळे ‘३०’ हा आकडा कुठेही न बदलता झाले आहे.

हे कुणी कट करून केले असेलच असे नाही. मुदतीचे कलम एका वकिलाने सुधारले असेल, भाड्याचे दुसऱ्याने. सारांश लिहिणाऱ्याला हेतूशी देणेघेणे नाही. त्याने एवढेच करायचे, की मुदत, भाडे, दंड, हमी आणि ताबा या पाच गोष्टींना हात लावणारे सगळे बदल, ते कुठल्याही पानावर असोत, एकत्र आणून वाचायचे. म्हणूनच सारांश पानांच्या क्रमाने लिहू नये. पानांच्या क्रमाने लिहिला तर या दोन नोंदी तिसऱ्या आणि सतराव्या क्रमांकावर जातात आणि मध्ये सूचना कोणत्या पत्त्यावर पाठवायची यासारख्या गोष्टी येतात.

व्याख्यांचे तसेच. कराराच्या सुरुवातीला शब्दांचे अर्थ ठरवलेले असतात. ‘ताबा दिनांक’ याची व्याख्या आधी होती, ‘संपूर्ण भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर सभासदाला सदनिका सुपूर्द केल्याचा दिवस.’ आता, ‘आर्किटेक्टने काम पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र देऊन विकासकाने ताब्याचे पत्र पाठवल्याचा दिवस.’ वर्डच्या लेखी ही जेमतेम दोन-तीन खुणांची गोष्ट आहे. पण ‘ताबा दिनांक’ या शब्दाचा शोध घेतला की तो करारात आणखी ९ ठिकाणी सापडतो. उशिराचा दंड त्या दिवशी थांबतो, देखभाल खर्च त्या दिवशी सुरू होतो, बांधकामातल्या दोषांच्या हमीची मुदत त्या दिवसापासून धावू लागते, बँक हमी त्यानंतर परत करायची असते. त्या नऊ वाक्यांपैकी एकावरही खूण नाही आणि नऊही वाक्यांचा अर्थ बदलला आहे. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, नसताना इमारतीत राहायला जाता येत नाही, पण नव्या व्याख्येनुसार तुम्ही कागदोपत्री राहायला गेलेले असता. व्याख्येच्या कलमात बदल दिसला की तो शब्द संपूर्ण मसुद्यात शोधणे आणि सारांशात त्या सगळ्या जागा नोंदवणे, हे मी तरी न चुकता करतो.

यावरून एक उलगडा होतो. सभेत ‘एकूण २१२ बदल आहेत’ असे सांगण्यात काही अर्थ नाही. वर्डच्या मोजणीत एक आकडा बदलला तर एक खोडणे आणि एक घालणे अशा दोन नोंदी होतात. दुहेरी मोकळ्या जागा काढल्या तर पन्नास होतात. आणि मुकाट्याने गेलेले वाक्य शून्य मोजले जाते. अशा मसुद्यातले अर्थ बदलणारे मुद्दे बहुधा हातापायांच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतात.

नोंद लिहायची कशी, तेही एका उदाहरणाने पाहू. नेहमीच्या सारांशात असे असते, ‘कलम ६: “इमारत रिकामी करून दिल्यापासून” काढून “प्रारंभ प्रमाणपत्र मिळाल्यापासून” घातले.’ यात खोटे काही नाही, पण उपयोगाचेही काही नाही. सभासद ते वाचून पान उलटतो. त्याऐवजी असे लिहावे:

‘मुदत आणि भाडे. कलम ६ (क्रमांक तोच), कलम १२ (जुने ११). आधी: रिकामे केल्यापासून ३० महिन्यांत बांधकाम, भाडे ताब्यापर्यंत. आता: सीसीपासून ३० महिन्यांत बांधकाम, भाडे रिकामे केल्यापासून ३० महिने. बिल्डरचे कारण (कमेंट): परवानगीशिवाय काम सुरू होत नाही, भाडे मुदतीशी जुळवले. परिणाम: सीसीला जितका वेळ लागेल तितके महिने भाड्याविना. सीसी ५ महिन्यांनी आल्यास अंदाजे २,११,७५० रुपये प्रति सभासद. निर्णय हवा: सीसीपासूनची मुदत मान्य करायची असल्यास भाडे ताब्यापर्यंत ठेवावे.’

यात चार गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या नाहीत. मजकुरात काय बदलले, त्यांनी काय कारण दिले, त्याचा परिणाम काय, आणि आपण काय करावे. पहिल्या दोन गोष्टी कागदावरच्या आहेत, त्यावर वाद होऊ शकत नाही. तिसरी आपला हिशेब आहे, तो दाखवला की कुणालाही तपासता येतो. चौथी आपले मत आहे आणि ते वकिलाने तपासल्याशिवाय सभेपुढे जाऊ नये. या चारींची सरमिसळ झाली की सारांश म्हणजे फिर्याद होते, आणि ज्या सभासदाला बिल्डर आवडतो तो ती वाचतच नाही.

शब्दांतले काही छोटे बदल मात्र अक्षरशः उद्धृत करावेत, आपल्या भाषेत सांगू नयेत. ‘विकासक दुरुस्ती करून देईल’ याचे ‘विकासक दुरुस्ती करून देण्याचा वाजवी प्रयत्न करेल’ झाले, तर ‘दुरुस्तीच्या कलमात भाषा सुधारली’ असे लिहिणे म्हणजे बदल लपवणेच. पहिल्या वाक्यात दुरुस्ती झाली नाही की अट मोडली. दुसऱ्यात प्रयत्न केला नाही हे सोसायटीला सिद्ध करत बसावे लागते. ‘आणि’चे ‘किंवा’ होणे, ‘लेखी संमतीने’मधला ‘लेखी’ जाणे, ‘सोसायटीच्या’ जागी ‘विकासकाच्या’ आर्किटेक्टने प्रमाणित करणे, हे सगळे याच जातीचे. समोरच्याच्या कमेंटमध्ये ‘किरकोळ’, ‘स्पष्टतेसाठी’ किंवा ‘बाजारातील प्रथेनुसार’ असे लिहिलेले असेल तर ते कलम दोनदा वाचावे.

उरलेले बदल एका ओळीत संपवता येतात: ‘याखेरीज पत्ते, स्पेलिंग, क्रमांक आणि मांडणीचे बदल आहेत, अर्थ बदलत नाही.’ पण ही ओळ लिहिण्यापूर्वी ते सगळे खरोखर वाचलेले असावेत.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७९अ खाली शासनाने पुनर्विकासासाठी दिलेले निर्देश आहेत, आधी ३ जानेवारी २००९ चे आणि नंतर ४ जुलै २०१९ चे. त्यांचा सगळा भर निर्णय सर्वसाधारण सभेने, माहिती घेऊन करण्यावर आहे. करारावर सह्या होऊन त्याची नोंदणी झाली की त्यातला एक शब्द बदलायलाही दोन्ही बाजूंच्या संमतीने पुरवणी करार करावा लागतो, आणि त्या वेळी घर रिकामे केलेल्या सभासदाच्या हातात फारसे काही उरलेले नसते.

तेव्हा तुमच्या सोसायटीत असा सारांश वाटला गेला, तर आधी त्याच्या माथ्याकडे पाहा. कोणत्या तारखेला पाठवलेली फाइल आणि कोणत्या तारखेला आलेली फाइल, यांची तुलना केली आहे, हे तिथे लिहिलेले असावे. तुलना सोसायटीने स्वतः केली की बिल्डरने पाठवलेल्या खुणाच वाचल्या, हेही असावे. नसेल तर सभेत उठून विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत मसुदा मंजूर करण्याचा ठराव मतदानाला टाकू देऊ नका.